डेपोची जागा काढताना या चुका टाळा: वाइझफेल्डची पद्धत कुठे अडकते

डेपोपासून सगळ्या ग्राहकांपर्यंतच्या सरळ रेषेतल्या अंतरांची फेऱ्यांनुसार भारित बेरीज कमीत कमी करायची, तर १९३७ सालची वाइझफेल्डची पद्धत आजही सोयीची आहे. अंदाजे एक जागा धरायची, प्रत्येक ग्राहकाच्या फेऱ्यांना त्याच्या अंतराने भागायचे, त्या भागाकारांना भार मानून सरासरी जागा काढायची आणि तिथून पुन्हा तेच करायचे.

उदाहरण घेऊ. अंतरे किलोमीटरमध्ये आहेत. ग्राहक अ (०, ०) वर असून त्याच्या आठवड्याला १ फेरी. ब (४, ३), क (४, −३) आणि ड (−८, ०) यांच्या प्रत्येकी ४.

गुरुत्वमध्यालाच उत्तर मानणे. फेऱ्यांनुसार काढलेला मध्य इथे नेमका (०, ०) येतो. पण तो अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करतो, अंतरांची नाही. ड ला त्याच दिशेने (−४०, ०) वर ढकलले, तर हा मध्य सुमारे ९.८ किमी ड च्या बाजूला सरकतो. खरी जागा मात्र तसूभरही हलत नाही, कारण तिथे ग्राहकाची ओढ फक्त दिशा आणि फेऱ्यांवर ठरते.

ग्राहकाच्याच जागी पोहोचल्यावर शून्याची पळवाट. मध्यापासून सुरुवात करणे एरवी ठीक, पण इथे तो अ वरच पडला आणि अंतर शून्य झाले. बरेच जण कोडमध्ये हे लिहून मोकळे होतात:

```
d = max(d, 1e-9)
```

आता एकट्या अ चा भार शंभर कोटी होतो. पुढची जागा जेमतेम ०.००००००००२४ किमी सरकते, थांबण्याची मर्यादा १ मिमी असली तरी प्रोग्राम लगेच थांबतो आणि अ हेच उत्तर म्हणून छापतो. एरर येत नाही, म्हणून ही चूक सापडायला सर्वांत अवघड.

त्याऐवजी अ ला बाजूला ठेवून बाकीच्यांची ओढ मोजा. प्रत्येकाची ओढ त्याच्या दिशेने फेऱ्यांइतकी धरायची. ब आणि क यांचा वर-खालचा भाग एकमेकांना रद्द करतो, उजवीकडे प्रत्येकी ४ × ४/५ म्हणजे मिळून ६.४ उरते; ड डावीकडे ४, निव्वळ २.४. ही अ च्या फेऱ्यांपेक्षा, म्हणजे १ पेक्षा, जास्त आहे, म्हणून अ सोडायलाच हवा. ती १ किंवा कमी असती, तर अ हीच योग्य जागा ठरली असती.

सुटका वार्डी आणि झांग यांनी २००० साली दिली. अ वगळून नेहमीची पायरी काढली की (१.१४, ०) येते. अ पासून तिथपर्यंतचे अंतर १ − १/२.४, म्हणजे ०.५८३ पट, इतकेच चालायचे. आपण (०.६७, ०) वर येतो, पुढची नेहमीची पायरी (०.९२, ०) वर नेते आणि शेवटी जागा (१.६, ०) वर स्थिरावते. एकेरी बेरीज ७२ वरून ७०.७ वर येते.

अक्षांश-रेखांश तसेच भरणे. नाशिकजवळ, २० अंश अक्षांशावर, रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे ६ टक्के आखूड असतो. आधी किलोमीटरमध्ये बदला, नाहीतर पूर्व-पश्चिम अंतरे फुगतात.