तर्ककोड्याचा तक्ता आणि खात्रीची खूण

बँकेच्या पूर्वपरीक्षेची तयारी मी दादरच्या एका अभ्यासिकेत बसून केली. त्या परीक्षेत तर्कक्षमतेच्या विभागातील ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळत आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होई. ‘कोण, कुठून, केव्हा’ अशा जोड्या लावायच्या कोड्यावर एकदम पाच प्रश्न असत, त्यामुळे कोड्यात एक चूक झाली की तिचा फटका एकाच प्रश्नाला बसत नसे. सुरुवातीचे दोन महिने माझी अशी कोडी अर्ध्यावर अडकत किंवा पूर्ण होऊनही चुकत. आमच्याच टेबलावर बसणाऱ्या, आमच्यापेक्षा दोन वर्षे आधी तयारीला लागलेल्या एका ताईंनी एके दिवशी माझी वही पुढे ओढली, तक्त्यातल्या एका बरोबरच्या खुणेवर बोट ठेवले आणि विचारले, “ही खूण कुठल्या विधानातून आली?” मला उत्तर देता आले नाही, कारण ती खूण मी अंदाजाने केली होती आणि चार ओळींनंतर ती अंदाजाची आहे हेच विसरून गेलो होतो. त्यांनी मग तक्त्याची जी पद्धत शिकवली, ती एका कोड्याच्या आधारे येथे मांडतो.

नेहा, समीर, मंजिरी आणि ओंकार हे चौघे एका अभ्यासिकेत येतात. घाटकोपर, मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली या चार ठिकाणांपैकी प्रत्येक ठिकाणाहून एकच जण येतो, आणि सकाळी ७, ८, ९ व १० यांपैकी प्रत्येक वेळेला एकच जण पोहोचतो. विधाने अशी आहेत:

१. डोंबिवलीहून येणारी व्यक्ती समीरनंतर बरोबर एका तासाने पोहोचते.
२. ओंकार ९ वाजता पोहोचतो.
३. ठाण्याहून येणारी व्यक्ती मुलुंडहून येणाऱ्या व्यक्तीनंतर पोहोचते.
४. मंजिरी १० वाजता पोहोचत नाही.
५. ओंकार डोंबिवलीचाही नाही आणि घाटकोपरचाही नाही.
६. नेहा घाटकोपरची नाही.

विधाने वाचण्याआधी पाहिले, तर ठिकाणे आणि वेळा यांच्या एकूण ५७६ मांडण्या शक्य आहेत. त्या डोक्यात फिरवत बसण्याऐवजी तीन चौकटी आखाव्यात: व्यक्ती आणि वेळ, व्यक्ती आणि ठिकाण, ठिकाण आणि वेळ. प्रत्येक चौकटीत चार ओळी आणि चार स्तंभ, म्हणजे सोळा घरे, आणि तिन्ही मिळून ४८ घरे होतात. नवशिके बहुधा तिसरी चौकट आखत नाहीत, कारण प्रश्न व्यक्तींविषयी असतात. पण या कोड्याची किल्ली त्या तिसऱ्या चौकटीतच आहे, हे पुढे दिसेल.

घरात फक्त दोन खुणा करायच्या. जोडी नक्की असेल तर बरोबरची खूण, नक्की नसणारच असेल तर फुली; बाकी घर रिकामे. रिकामे घर म्हणजे ‘अजून माहीत नाही’, आणि ते रिकामे ठेवणे हाही नोंदीचाच भाग आहे. सराव करताना ताई आम्हाला प्रत्येक खुणेशेजारी विधानाचा क्रमांक बारीक अक्षरात लिहायला लावत. सुरुवातीला ते वेळखाऊ वाटे, पण चूक शोधायची वेळ आली की सगळा तक्ता खोडावा लागत नसे. कुठल्या विधानाचा अर्थ चुकला आहे, ते क्रमांकावरून लगेच कळे.

सुरुवात थेट विधानापासून करावी. दुसऱ्या विधानाने ओंकारसमोर ९ च्या घरात बरोबरची खूण येते. एका ओळीत आणि एका स्तंभात एकच जोडी असू शकते, म्हणून त्याच ओळीतली उरलेली तीन आणि त्याच स्तंभातली उरलेली तीन अशी सहा घरे तत्क्षणी फुलीने भरायची. हे काम नंतरसाठी ठेवू नये. माझ्या वहीत अडकलेल्या कोड्यांपैकी बरीच कोडी याच सहा फुल्यांमधली एखादी राहून गेल्यामुळे अडकलेली होती.

आता पहिले विधान. त्यातून समीर डोंबिवलीचा नाही हे मिळते, कारण विधानात ती दोन वेगळी माणसे आहेत. त्याच्यानंतर कोणीतरी येते, म्हणून समीर १० वाजता येत नाही. आणि त्या व्यक्तीच्या आधी समीर येतो, म्हणून डोंबिवलीची व्यक्ती ७ वाजता येत नाही. अशा तीन फुल्या तीन वेगवेगळ्या चौकटींत पडतात. चौथ्या विधानाने मंजिरीसमोर १० च्या घरात फुली येते. आता १० च्या स्तंभात समीर, मंजिरी आणि ओंकार या तिघांनाही फुली आहे, म्हणजे १० वाजता येणारी नेहाच आहे. व्यक्ती आणि वेळ ही चौकट या टप्प्यावर अशी दिसते:

| | ७ | ८ | ९ | १० |
|---|---|---|---|---|
| नेहा | ✗ | ✗ | ✗ | ✓ |
| समीर | | | ✗ | ✗ |
| मंजिरी | | | ✗ | ✗ |
| ओंकार | ✗ | ✗ | ✓ | ✗ |

येथे पहिल्या विधानाकडे परत जावे लागते. विधाने दोन प्रकारची असतात. ‘ओंकार ९ वाजता पोहोचतो’ यासारखे विधान एकदा तक्त्यात उतरवले की संपते आणि त्यावर काट मारायला हरकत नाही. पण ‘समीरनंतर बरोबर एका तासाने’ किंवा ‘मुलुंडनंतर ठाणे’ यांसारखे दोन गोष्टींचे नाते सांगणारे विधान पहिल्या वाचनात संपत नाही, कारण त्यातल्या एका टोकाची माहिती वाढली की दुसऱ्या टोकाची आपोआप वाढते. अशा विधानासमोर मी समासात एक बारीक वर्तुळ काढतो आणि नवी बरोबरची खूण आली की वर्तुळ असलेली विधाने पुन्हा वाचतो. समीर ९ वाजता येत नाही हे दुसऱ्या विधानामुळे ठरलेले आहे, म्हणून डोंबिवलीची व्यक्ती १० वाजता येऊ शकत नाही. ही फुली नुसत्या पहिल्या विधानातून मिळणे शक्यच नव्हते.

डोंबिवलीसमोर आता ८ आणि ९ ही दोनच घरे उरली. पाचवे विधान सांगते की ओंकार डोंबिवलीचा नाही. ओंकार म्हणजे ९ ची व्यक्ती हे खात्रीने ठरलेले असल्यामुळे ओंकारविषयी जे खरे, ते ९ विषयीही खरे. म्हणून तिसऱ्या चौकटीत डोंबिवली आणि ९ यांच्या घरात फुली येते. फुलीचे हे स्थलांतर या पद्धतीतील सर्वांत उपयोगी पाऊल आहे. मात्र ते दोन नावे बरोबरच्या खुणेने बांधलेली असतील तरच करता येते. समीर ७ किंवा ८ असा अर्धवट ठरलेला असताना त्याच्या फुल्या कुठेही हलवता येत नाहीत.

आता डोंबिवलीसाठी ८ हे एकच घर राहिले. म्हणून समीर ७ वाजता येतो, ८ मंजिरीला मिळते आणि डोंबिवलीची व्यक्ती मंजिरी ठरते. तिसऱ्या विधानानुसार ठाण्याची व्यक्ती कोणाच्या तरी नंतर येते, म्हणून ती ७ वाजता येणारी नाही, आणि मुलुंडची व्यक्ती १० वाजता येणारी नाही. नेहा १० ची असल्यामुळे ती मुलुंडची नाही. सहाव्या विधानाने ती घाटकोपरची नाही. डोंबिवली मंजिरीची झाली. नेहा ठाण्याची. ओंकारला घाटकोपर वर्ज्य आहे, म्हणून तो मुलुंडचा, आणि घाटकोपर समीरचे.

याच कोड्यात माझ्यासारखे मुंबईकर दोन ठिकाणी फसतात. डोंबिवली सर्वांत लांब आहे, म्हणून तिथला माणूस सर्वांत उशिरा पोहोचेल, असे आपण नकळत धरून चालतो. घाटकोपरहून दादर जवळ, हेही रोजच्या लोकलच्या प्रवासाने अंगवळणी पडलेले असते. कोड्यात अंतराविषयी एक अक्षरही नाही, त्यामुळे त्या माहितीवरून एकही खूण करता येत नाही. दुसरी फसगत शब्दाची आहे. तिसऱ्या विधानात ‘नंतर’ आहे, ‘लगेच नंतर’ किंवा ‘एका तासाने’ नाही. उत्तरात मुलुंड ९ आणि ठाणे १० असे लागोपाठ आले, तरी ते सोडवताना गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. खुणेशेजारी विधानाचा क्रमांक लिहायची सवय असेल, तर हे दोन्ही दोष चटकन पकडले जातात, कारण अशा खुणेला लिहायला क्रमांकच सापडत नाही.

काही कोड्यांत सर्व विधाने पुन्हा वाचूनही नवी खूण मिळत नाही. तेव्हा ‘समजा’ म्हणून पुढे जावे लागते, पण ते मुख्य तक्त्यात करू नये. ज्या नावासमोर दोनच घरे उरली आहेत ते निवडावे आणि बाजूला कच्च्या जागेत एकच शक्यता चालवून पाहावी. वरच्या कोड्यात समजा समीर ८ वाजता येतो असे धरले, तर डोंबिवलीची व्यक्ती ९ ची, म्हणजे ओंकार ठरते, आणि पाचवे विधान मोडते. विरोध आला, म्हणून समीर आणि ८ यांच्या घरात फुली खात्रीने करता येते आणि ती मुख्य तक्त्यात लिहिता येते. याउलट विरोध आला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. दुसरी शक्यताही तितकीच निर्दोष निघू शकते. माझी चूक नेमकी येथे होत असे. एक शक्यता बराच वेळ सुरळीत चालली की तीच खरी आहे असे मी मानत असे आणि पेनाने खूण करत असे.

तक्ता भरल्यावर प्रत्येक चौकटीत चार बरोबरच्या खुणा आणि बारा फुल्या हव्यात. एखाद्या ओळीत चारही फुल्या किंवा दोन बरोबरच्या खुणा दिसल्या तर चूक उघडच आहे. पण अंदाजाने भरलेला तक्ताही ही मोजणी बिनबोभाट पार करू शकतो, म्हणून शेवटी तक्ता बाजूला ठेवून तयार उत्तरावर सहाही विधाने एकेक करून ताडून पाहावीत: समीर ७ आणि डोंबिवलीची मंजिरी ८, एका तासाचे अंतर बरोबर, ओंकार ९, मुलुंड ९ नंतर ठाणे १०, मंजिरी १० ला नाही, ओंकार मुलुंडचा, नेहा ठाण्याची. या तपासणीला अर्धे मिनिट लागते, आणि परीक्षेच्या घाईतही हे अर्धे मिनिट मी कधी सोडत नाही.

गोल टेबलाभोवती बसवण्याच्या कोड्यांना मात्र हा तक्ता फारसा उपयोगी पडत नाही. तिथे शेजार आणि दिशा यांचे नाते असते आणि सरळ वर्तुळ काढून त्यावर नावे मांडणे सोपे जाते. व्यक्ती, ठिकाण आणि वेळ यांच्या जोडीला चौथा गट आला, तर चौकटी तीनवरून सहा होतात आणि घरे ४८ वरून ९६. परीक्षेत एवढे आखायला वेळ नसतो, म्हणून तेव्हा मी व्यक्तींच्या नावांची एकच यादी लिहून तिच्यापुढे वेळ, ठिकाण वगैरेंचे स्तंभ करतो आणि नकारार्थी माहिती त्या त्या स्तंभात नाव लिहून त्यावर काट मारून ठेवतो. पण पहिली तीस-चाळीस कोडी मी पूर्ण तक्त्यानेच सोडवली होती, आणि फुली कुठून कुठे हलते हे तोपर्यंत हाताला कळलेले होते.