पहिलीच्या वर्गाचे नियम मुलांच्याच शब्दांत

पहिलीतल्या मुलांना ‘नियम सांगा’ म्हटलं की ‘मारायचं नाही, ओरडायचं नाही’ अशी नकारांची रांग लागते. तेव्हा लगेच विचारा, ‘मग काय करायचं?’ ‘ढकलायचं नाही’चं ‘नळावर एकामागे एक उभं राहायचं’ होतं, आणि हे मुलांना करून दाखवता येतं. चार-पाच नियम पुरेत.

पोस्टरवर वाक्य मुलांच्याच बोलीत लिहा, शेजारी त्यांनीच काढलेलं चित्र लावा, कारण जूनमध्ये बहुतेकांना वाचता येत नाही. पोस्टर मुलांच्या नजरेच्या उंचीवर हवं.

तेच नियम अर्ध्या कागदावर घरी पाठवा. मूल चित्रांवर बोट ठेवून आईबाबांना किंवा आजीला नियम सांगेल, मगच खाली मुलाचा अंगठा आणि पालकांची सही.