दरपत्रकं उघडण्याआधी: पुरवठादार निवडीच्या गुणतक्त्याची तयारी

पुरवठादार निवडायचा गुणतक्ता बऱ्याच ठिकाणी दरपत्रकं हातात आल्यावर आखायला घेतात, आणि तो तिथेच बिघडतो. किंमत एकदा डोळ्यांसमोर आली की मनात एक नाव ठरतं आणि भारांक हळूहळू त्या नावाकडे झुकायला लागतात. कुणी लबाडी करत नसलं तरी असं होतं. म्हणून या यादीतली बहुतेक कामं पहिला लिफाफा फुटण्यापूर्वी उरकायची आहेत. उदाहरण एकच धरतो: २०० कर्मचाऱ्यांच्या संस्थेला पगाराचं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे आणि रिंगणात तीन पुरवठादार आहेत. त्यांना अ, ब आणि क म्हणू.

सगळ्यात आधी अटी आणि निकष वेगळे करा. ज्याच्याशिवाय चालणारच नाही ती अट. तिला गुण नसतात, फक्त हो किंवा नाही. करार संपल्यावर सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळाला पाहिजे, ही अट झाली. तिला पाच गुण देऊन तक्त्यात बसवलं, तर डेटा परत न देणारा पुरवठादार स्वस्ताईच्या जोरावर ते पाच गुण भरून काढेल आणि जिंकेलही. अटी मात्र मोजक्याच ठेवा. आठ-दहा अटी झाल्या की त्यांतल्या दोन-तीन कुणा एकाच पुरवठादाराला सोयीच्या तर नाहीत ना, हे तपासायला हवं.

मग निकष. चार-पाच पुरतात. आपल्या उदाहरणात किंमत ४०, कामाला पुरं पडणं ३०, बिघाड झाल्यावर मिळणारी मदत २० आणि जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून देणं १०, असे भारांक धरू. यादी झाली की एकच गोष्ट दोन नावांनी मोजली जात नाही ना, हे पाहा. ‘अनुभव’, ‘नावलौकिक’ आणि ‘जुन्या ग्राहकांचे अभिप्राय’ असे तीन निकष मी एका तक्त्यात पाहिले होते. तिन्ही एकाच गोष्टीला गुण देत होते, म्हणून जुन्या कंपनीला तिप्पट फायदा मिळत होता आणि नव्या कंपनीला वावच उरला नव्हता.

प्रत्येक निकषासाठी ० ते ५ गुणांच्या पायऱ्या शब्दांत लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निःपक्षपातीपणा खरा इथेच येतो. मदतीच्या निकषात १ म्हणजे फक्त ईमेल आणि दोन कामाच्या दिवसांत उत्तर. ३ म्हणजे कामाच्या वेळेत फोन आणि चार तासांत दुरुस्तीला सुरुवात. ५ म्हणजे पगाराच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशीही माणूस हजर आणि उशीर झाल्यास करारात दंड. असं लिहिलेलं नसेल तर ३ म्हणजे एकाच्या मते ‘बरं’ आणि दुसऱ्याच्या मते ‘नापास’, आणि दोघांची बेरीज करून काहीच कळत नाही.

आता या यादीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम: किमतीला गुण कसे द्यायचे, ते सूत्र आधी ठरवून लिहून ठेवा. लोक भारांकावर तासन्‌तास वाद घालतात आणि हे सूत्र मात्र स्प्रेडशीट भरणाऱ्यावर सोडून देतात. पाच वर्षांचा एकूण खर्च सोयीसाठी अ चा १००, ब चा ११० आणि क चा १२५ धरू. रूढ सूत्रं दोन आहेत. पहिल्यात सर्वांत कमी किमतीला त्या पुरवठादाराच्या किमतीने भागतात. दुसऱ्यात सर्वांत स्वस्ताला पूर्ण गुण, सर्वांत महागाला शून्य आणि मधल्यांना त्या प्रमाणात. किमती B2 ते D2 मध्ये असतील तर ती अशी:

```
=40*MIN($B$2:$D$2)/B2
=40*(MAX($B$2:$D$2)-B2)/(MAX($B$2:$D$2)-MIN($B$2:$D$2))
```

किंमत सोडून बाकीचे गुण असे मिळाले. कामाला पुरं पडण्यात अ ला ३, ब ला ४, क ला ५. मदतीत ३, ४, ४. डेटा आणून देण्यात ४, ३, ३. प्रत्येक गुण ५ ने भागून त्या निकषाच्या भारांकाने गुणले, की त्यांची बेरीज अ ३८, ब ४६ आणि क ५२. पहिल्या सूत्राने किमतीचे गुण ४०, ३६.४ आणि ३२ येतात. एकूण अ ७८, ब ८२.४, क ८४, म्हणजे क जिंकला. दुसऱ्या सूत्राने किमतीचे गुण ४०, २४ आणि ० येतात. एकूण अ ७८, ब ७०, क ५२, म्हणजे अ जिंकला, आणि क शेवटी गेला. प्रस्ताव तेच, परीक्षक तेच, भारांकही तेच. क्रम मात्र पुरता उलटला.

याचं कारण असं, की कागदावर किमतीचा भारांक ४० आहे, पण पहिल्या सूत्रात अ आणि क यांच्यात किमतीमुळे फक्त ८ गुणांचं अंतर पडतं आणि दुसऱ्यात पूर्ण ४० चं. निकषाचं खरं वजन भारांकात नसतं, गुणांच्या पसाऱ्यात असतं. सगळ्यांना ४ च गुण मिळाले तर ३० भारांकाच्या निकषानेही निकालावर काडीचा फरक पडत नाही.

म्हणून सूत्र ठरवताना निर्णय घेणाऱ्यांना टक्केवारी विचारू नका. असं विचारा: ‘कामाला पुरं पडण्यात एक पायरी जास्त मिळत असेल, तर १०० च्या जागी आपण किती मोजायला तयार आहोत?’ एका पायरीचे आपल्या तक्त्यात ६ गुण होतात. पहिल्या सूत्रात ६ गुण गमवायला किंमत जवळजवळ ११८ पर्यंत जावी लागते, दुसऱ्यात जेमतेम १०४ पर्यंत. उत्तर ‘दहा-पंधरा जास्त चालतील’ असं आलं तर दुसरं सूत्र तुमचं नाही. या एका प्रश्नाने जेवढा उलगडा होतो तेवढा भारांकांवरच्या अख्ख्या बैठकीने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या सूत्रात आणखी एक खोट आहे. समजा द नावाचा चौथा पुरवठादार २२५ किंमत घेऊन आला. तो जिंकणार नाहीच. पण आता सर्वांत महाग तो, म्हणून किमतीचे गुण अ ४०, ब ३६.८ आणि क ३२ होतात, आणि अ च्या जागी क जिंकतो. हरणारा माणूस आला म्हणून जिंकणारा बदलला. कुणी मुद्दाम महागडं दरपत्रक टाकायला लावलं तर निकाल फिरवता येतो, म्हणून हे सूत्र मी वापरत नाही. पहिलं सूत्रही पूर्ण निर्धोक नाही, कारण अवास्तव कमी दर आला की बाकीच्यांमधलं किमतीचं अंतर आवळलं जातं. असा दर आला तर त्याचा हिशेब मागा, आणि तो पटला नाही तर बाद करण्याचा अधिकार नियमांत आधीच लिहून ठेवा. एक कमाल किंमत आधी जाहीर करून तिच्याशीच प्रत्येक दराची तुलना केली, तर प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या दरावर ठरतात. ज्यांना बाजारभावाचा नीट अंदाज आहे त्यांनी हा मार्ग घ्यावा.

किमतीचा कोरा तक्ता सगळ्यांना एकच द्या: परवाना, बसवणी, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल, शेवटी डेटा काढून देण्याचा खर्च, २०० माणसं, पाच वर्षं. नाहीतर एकाच्या दरात प्रशिक्षण असेल, दुसऱ्याच्या नसेल. निकष, भारांक आणि सूत्र प्रस्ताव मागवतानाच सर्वांना कळवा. एका पुरवठादाराने शंका विचारली की तिचं उत्तर त्याचं नाव न सांगता सगळ्यांना एकाच वेळी पाठवा. परीक्षकांकडून हितसंबंध नसल्याचं लेखी घ्या, तेही स्पर्धक कोण ते कळल्यावर, कारण त्याआधी लिहून दिलेल्याला अर्थ नाही.

प्रात्यक्षिकासाठी स्वतःची कामं तयार ठेवा. पुरवठादारावर सोडलं तर तो सुंदर पडदे दाखवेल. त्याला सांगा: महिन्याच्या १७ तारखेला रुजू झालेल्या माणसाचा पगार काढून दाखवा, मागच्या महिन्यात चुकून बिनपगारी धरलेली दोन दिवसांची रजा दुरुस्त करून फरक या महिन्यात द्या, आणि हे कुणी, कधी बदललं त्याची नोंद दाखवा. तिघांनाही तीच कामं, तेवढाच वेळ. सॉफ्टवेअर कामाला पुरं पडतं की नाही, ते या अर्ध्या तासात कळतं.

गुण देताना प्रत्येक परीक्षकाने आधी एकट्याने द्यावेत, आणि प्रत्येक आकड्याशेजारी प्रस्तावातलं पान आणि एका ओळीचं कारण लिहावं. किमतीचा लिफाफा तोवर बंदच. मग एकत्र बसा, पण थेट सरासरी काढू नका. एका बैठकीत मदतीच्या निकषावर एका बाईंनी २ दिले होते आणि शेजारच्या गृहस्थांनी ५. सरासरी ३.५ काढून आम्ही पुढे जाणार होतो. बाईंनी पान उघडलं. वर ठळक अक्षरांत ‘२४ तास मदत’ होतं आणि तळटीपेत बारीक अक्षरांत, सुट्टीच्या दिवशी आलेल्या तक्रारीला पुढच्या कामाच्या दिवशी उत्तर मिळेल. गृहस्थांनी तळटीप वाचलीच नव्हती. सरासरीने ती तळटीप लपली असती. दोन किंवा जास्त पायऱ्यांचा फरक असेल तिथे थांबून पुरावा पाहायचा, आणि ज्याला पटेल त्याने आपले गुण कारण लिहून बदलायचे. वरिष्ठाने शेवटी बोलावं, नाहीतर बाकीचे त्याच्याकडे बघून आकडे सरकवतात.

बेरीज झाल्यावर निकाल किती डळमळीत आहे ते तपासा. आपल्या उदाहरणात पहिल्या सूत्राने क हा ब च्या जेमतेम १.६ गुणांनी पुढे आहे. किंमत ५० आणि कामाला पुरं पडणं २० असे भारांक करून पाहिले तर ब ८३.५ वर जातो आणि अ व क दोघे ८२ वर राहतात. क चा ५ एका पायरीने उतरला तरीही ब च जिंकतो. याचा अर्थ भारांक आता बदलायचे असा नाही. ते गोठलेले आहेत. अख्खा निर्णय त्या एका ५ वर उभा आहे, म्हणून त्या ५ चा पुरावा पुन्हा उघडायचा. रजेची दुरुस्ती क ने खरंच करून दाखवली होती, की ‘पुढच्या आवृत्तीत येईल’ असं सांगितलं होतं? दोन गुणांच्या आतलं अंतर बरोबरी मानायची आणि बरोबरीत कोणता निकष निर्णायक, हेही नियमांत आधीच लिहिलेलं असावं.

हरलेल्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदाही तयार ठेवा: प्रत्येक निकषावर त्यांचे गुण, विजेत्याचे गुण आणि कारणाच्या दोन ओळी. एखाद्या निकषापुढे त्या दोन ओळी लिहिता येत नसतील, तर करारावर सही करण्याआधी त्या निकषाचे गुण पुन्हा तपासायला घ्या.