वेलनेस प्रोग्रामचा प्रस्ताव: परिणाम कसा मोजणार, ते आधी लिहा

मॅनेजमेंटपुढे जाणारे बहुतेक वेलनेस प्रस्ताव एकाच साच्यातले असतात. आधी तणावाचे आणि बैठ्या कामाचे परिच्छेद, मग योगवर्ग, पावलांची स्पर्धा, आहारावरचं व्याख्यान यांची यादी आणि शेवटी एक रक्कम. फायनान्सवाले फक्त एवढंच विचारतात, की वर्षानंतर काय बदललेलं असेल आणि ते तुम्हाला कळणार कसं? उत्तर तयार नसेल तर प्रस्ताव 'पुढच्या तिमाहीत बघू' या खणात जातो. म्हणून लिहायला शेवटापासून सुरुवात करा: आधी परिणाम, मग व्हेंडर, मग बजेट.

कर्मचाऱ्यांची संख्या, इमारतवार विभागणी, रजांची नोंद आणि आरोग्य विम्याच्या दाव्यांची एकूण रक्कम हाताशी आहे, असं इथे धरलं आहे.

१. एकच आरोग्य-निकष निवडा

वजन, साखर, कोलेस्टेरॉल, ताण, झोप असं सगळं सुधारण्याचं वचन देऊ नका. चारशे माणसांच्या कंपनीत रक्तदाब हा चांगला निकष आहे. तो स्वस्तात मोजता येतो, बराच काळ लक्षणांशिवाय वाढलेला राहतो आणि काही महिन्यांत आटोक्यात येऊ शकतो.

विम्याचा खर्च आणि आजारपणाच्या रजा निकष म्हणून लिहू नका. चारशे जणांमध्ये एका माणसाच्या हृदयशस्त्रक्रियेने वर्षाचा सगळा आकडा हलतो. तो वर गेला तर प्रोग्राम फसला असं होत नाही, खाली आला तर यशस्वी झाला असंही नाही.

'एक गुंतवा, तीन मिळवा' हा आकडा तर प्रस्तावात नकोच. व्हेंडरच्या सादरीकरणात तो हमखास असतो, आणि त्याचा उगम बहुधा २०१० च्या एका एकत्रित अभ्यासात असतो. त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी कॅथरीन बाइकर आणि झिरुई साँग यांनीच पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीत प्रोग्राम कुठे राबवायचा याच्या चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दीड वर्षानंतर लोक व्यायाम आणि वजनाकडे जास्त लक्ष देत असल्याचं सांगत होते. पण तपासणीतले आकडे, उपचारखर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या चाचणीत तर प्रोग्रामला येणारे लोक आधीपासूनच कमी उपचारखर्चाचे निघाले. पावलांच्या स्पर्धेत पहिलं नाव देणारा माणूस आधीच रोज चालत असतो, एवढंच ते. फायनान्समधल्या कुणी हे वाचलं असेल तर तीनपटीचा दावा पहिल्याच मिनिटाला तुमच्या अंगाशी येईल.

२. मोजण्याची पद्धत: सगळा घोळ इथे होतो

प्रस्ताव मंजूर होतो, वर्ष सरतं, आणि अहवालात '७२ टक्के सुधारणा' येते. हा आकडा बऱ्याचदा खोटा नसतो. तो चुकीच्या जागेवरून मोजलेला असतो, आणि ती जागा तीन ठिकाणी चुकते.

पहिली चूक खुद्द मापनात. आरोग्य शिबिरात माणूस जिना चढून येतो, रांगेत गप्पा मारतो, टेबलाशी बसताच हाताला पट्टा बांधला जातो. असा आकडा जास्तच येणार. प्रस्तावाला अर्ध्या पानाची मापनपद्धत जोडा. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम बंद. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही. उघडा दंड हृदयाच्या उंचीवर टेकवायचा. यंत्र प्रमाणित आणि दंडावरचं हवं, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा घ्यायचा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहायची. यात माणशी २५ मिनिटं जातात. व्हेंडर 'तासाला वीस जण' म्हणाला तर एका टेबलावर किती, ते विचारा.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. समजा ४०० पैकी ३०० जण आले आणि ६६ जणांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला. त्याच ६६ जणांना आठवड्याने परत मोजलं, तर समजा ४५ जणांचाच जास्त येतो. उरलेल्या २१ जणांनी काहीही केलेलं नसतं. रक्तदाब रोज खालीवर होतो. ज्यांचा त्या दिवशी योगायोगाने वर होता तेच निवडले गेले, आणि पुढच्या वेळी ते आपसूक खाली आले. सुरुवातीची नोंद म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा धरलात, तर २१ जणांची 'सुधारणा' फुकटात तुमच्या नावावर जमा होते. म्हणून आठवड्यानंतरच्या दुसऱ्या फेरीचाच आकडा धरायचा. व्हेंडर या फेरीला 'अनावश्यक' म्हणून कात्री लावायला बघतो. ती लावू देऊ नका.

याला अपवाद एकच. १८०/१२० च्या वर आकडा गेला तर आठवडा थांबायचं नाही. काही मिनिटांनी परत मोजायचं आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखणं, धाप, बोलण्यात किंवा दिसण्यात फरक असेल तर थेट तातडीची सेवा.

तिसरी चूक भागाकारात. ४५ पैकी २४ जण पहिल्या इमारतीत आणि २१ दुसऱ्या इमारतीत आहेत असं धरू. पहिल्या इमारतीत प्रोग्राम लगेच सुरू करा, दुसरीत सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनी पहिल्या इमारतीतल्या २४ पैकी १८ जण मोजायला आले आणि १३ जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता. व्हेंडर १३ ला १८ ने भागून ७२ टक्के लिहील. मधेच गळालेले सहा जण बहुधा औषध सोडलेले किंवा कंटाळलेले असतात. त्यांना हिशेबातून काढलं की टक्केवारी आपोआप वाढते. भागायचं २४ ने, म्हणजे ५४ टक्के. न आलेला माणूस आटोक्यात नाही असंच धरायचं.

आता प्रोग्राम नसलेली दुसरी इमारत बघा. त्याच नियमाने तिथे २१ पैकी ७ जण आटोक्यात आले, म्हणजे ३३ टक्के. प्रोग्रामचं श्रेय एवढंच: ५४ वजा ३३, २१ टक्के गुण. २४ माणसांत ही साधारण पाच माणसं झाली. ७२ टक्क्यांची पाच माणसं झाली म्हणून नाराज होऊ नका. मॅनेजमेंटसमोर उलटतपासणीत टिकणारा आकडा हाच आहे. फक्त हा संकेत आहे, पुरावा नव्हे, हेही लिहा. एवढ्या छोट्या गटात दोघा-तिघांनी चित्र बदलतं.

दुसऱ्या इमारतीतल्या ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला, त्यांना तुलनेसाठी अंधारात ठेवायचं नाही. आकडा सांगून डॉक्टरांकडे जायला सांगायचंच. त्यामुळे दोन इमारतींमधला फरक कमी होईल. होऊ द्या.

हे भागाकाराचे नियम प्रस्तावातच छापा. निकाल हातात आल्यावर नियम ठरवले तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. उद्दिष्टही आकड्यात लिहा: दुसऱ्या फेरीत रक्तदाब जास्त असल्याचं निश्चित झालेल्या पहिल्या इमारतीतल्या लोकांपैकी सहा महिन्यांनी किमान निम्मे १४०/९० च्या खाली.

३. व्हेंडर

गुणांकनाचा तक्ता नंतर. आधी चार अटी, त्यातली एक जरी मान्य नसेल तर व्हेंडर बाद. जास्त आकडा आलेल्या प्रत्येकाशी सात दिवसांत पाठपुरावा. वरची मापनपद्धत आणि आठवड्यानंतरची दुसरी फेरी मान्य. कंपनीला नावानिशी माहिती नाही, दहापेक्षा लहान गटाचा आकडाही नाही. आणि लोकांना पूरक गोळ्या किंवा स्वतःचे पॅकेज विकायचे नाहीत.

नावांची अट ढिली केलीत तर काय होतं ते लगेच दिसतं. बढतीची यादी आणि बीपीची यादी एकाच एचआरच्या टेबलावर येते अशी कुजबुज झाली की नेमके ज्यांना गरज आहे तेच फिरकत नाहीत.

मुलाखतीत एकच गोष्ट मागा: आधीच्या एखाद्या कामाचा नावं खोडलेला अहवाल. त्यात सुरुवातीला किती जण आणि शेवटी किती जण हे दोन आकडे शोधा. नुसती टक्केवारी असेल तर पुढे बोलायची गरज नाही. दर, अनुभव, भाषा यांची तुलना उरलेल्यांत करा.

४. बजेट

एकूण रकमेचे शंभर भाग धरले तर मापनाला २५, पाठपुरावा आणि समुपदेशनाला ४५, डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला १०, माहिती आणि अहवालाला १०, राखीव १०. टी-शर्ट, बाटल्या, उद्घाटनाला शून्य. कुणी कात्री लावलीच तर प्रोग्राम एकाच इमारतीत करा, पण पाठपुराव्याला हात लावू नका. पाठपुरावा नसलेली तपासणी म्हणजे लोकांना काळजी लावून घरी पाठवणं.

दर माणशी, दरमहा, सगळ्या कर्मचाऱ्यांवर असा देऊ नका. मग न येणाऱ्या शंभर जणांचेही पैसे जातात. लहानसा ठरावीक भाग आणि बाकी पूर्ण झालेल्या सेवेनुसार, हे धरून बसा. वीस टक्के रक्कम ठरलेल्या नमुन्यात शेवटची माहिती हाती येईपर्यंत रोखून ठेवा.

कामाचा वेळ स्वतःच मांडा, नाहीतर तो बैठकीत तुमच्याविरुद्ध निघतो. पहिलं मापन ३०० जणांचं १२५ तास, दुसरी फेरी ६६ जणांची २७.५ तास, ४५ जणांना अर्ध्या तासाच्या सहा भेटी १३५ तास, शेवटचं मापन सुमारे १९ तास. एकूण साधारण ३०६ तास, म्हणजे ४०० जणांत वर्षाला माणशी पाऊण तास.

५. मांडणी

दोन पानं पुरतात. पहिल्यावर निकष, उद्दिष्ट, रक्कम आणि हवा असलेला निर्णय. दुसऱ्यावर मापनपद्धत, व्हेंडरच्या अटी, वेळापत्रक. बाकी जोडपत्रात.

आणि पहिल्या पानाच्या शेवटी थांबण्याची अट लिहा: दोन इमारतींतला फरक दहा टक्के गुणांपेक्षा कमी आला, किंवा निश्चित झालेल्यांपैकी निम्मेही मोजायला परत आले नाहीत, तर दुसऱ्या इमारतीतला टप्पा या व्हेंडरकडे जाणार नाही आणि राखीव रक्कम परत येईल.