चाखण्याचा चमचा, वाढायची पळी आणि रात्रीचे उरलेले अन्न : जंतूंची वाट कशी अडवावी

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी श्रावणातल्या एका रविवारी बारा माणसे जेवायला होती. पुऱ्यांसाठी गॅस मोकळा हवा म्हणून वालाचे बिरडे सकाळी दहालाच उतरवले होते. मोठा टोप, साधारण चार लिटर. पावणेएकला बिरडे कोमट झालेले असताना घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी चमचाभर तोंडात घातले, अळणी लागले म्हणून मीठ टाकले आणि त्याच चमच्याने ढवळले. जेवणात एकच पळी कधी बिरड्यात तर कधी मसालेभातात फिरली. उरलेले बिरडे झाकून ओट्यावर राहिले आणि रात्री पावणेनऊला चांगले खळखळून उकळून चौघांनी खाल्ले. साडेअकरापासून तिघांना उलट्या सुरू झाल्या. दुपारी तेच बिरडे खाल्लेल्या कोणालाही काहीही झाले नव्हते.

त्या बिरड्याची तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे नेमके काय झाले हे ठामपणे सांगता येणार नाही. पण अन्न उकळूनही तीन तासांत उलट्या होतात, तेव्हा जंतूंपेक्षा त्यांनी आधीच अन्नात सोडलेल्या विषाचा संशय घ्यावा लागतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू अनेक धडधाकट माणसांच्या नाकात, घशात आणि हातांच्या त्वचेवर राहतो. तो चमच्यावरून किंवा पळीच्या दांड्यावरून अन्नात जातो, तेथे वाढतो आणि विष तयार करतो. उकळल्यावर जंतू मरतो, विष मात्र टिकते. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे उलटी आणणारे विषही असेच चिवट असते. त्याचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, आणि आमची पळी तर मसालेभातातून बिरड्यात आलीच होती.

आता थोडे ढोबळ गणित करू. ढवळताना दर मिलिलिटरमागे जेमतेम एक जंतू गेला असे धरा. तीसेक अंशांच्या ओट्यावर तो दर अर्ध्या तासाला दुप्पट होतो असे मानले, तर पावणेएक ते पावणेनऊ या आठ तासांत सोळा दुपटी होतात, म्हणजे एकाचे 65,536 होतात. विष जाणवण्याइतके साठण्यासाठी साधारणतः ग्रॅममागे लाखभर जंतू लागतात, असे धरले जाते. म्हणजे आणखी एक दुपट झाली की तो आकडा ओलांडला जातो. दुपारी जेवलेले का वाचले आणि रात्री जेवलेले का आजारी पडले, याचे उत्तर या दुपटींत आहे. चमच्याने फक्त बी पेरले. पीक वेळेने आणि उबेने काढले. म्हणून पुढील पायऱ्यांपैकी काही चमच्यासाठी आहेत आणि काही घड्याळासाठी.

चव कशी पाहावी

चव पाहण्यासाठी दोन वेगळी साधने हवीत. टोपातली पळी टोपातच राहते आणि तोंडातला चमचा टोपात कधीच जात नाही. गॅसशेजारी एक लहान वाटी आणि एक चमचा ठेवावा. पळीने थोडे कालवण वरून, वाटीला न टेकवता, वाटीत सोडावे आणि वाटीतून चमच्याने चाखावे. वाटीत उरलेले पुन्हा टोपात ओतू नये. आमचे चुकते ते इथेच, कारण दोन घोट टाकून देणे जिवावर येते. ते चाखणाऱ्याने पिऊन टाकावे. जुन्या बायका पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटत असत, ती पद्धतही चांगली आहे. अट एवढीच की पळी हाताला टेकू नये आणि त्यानंतर हात धुवावा.

चव पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. उकळत्या आमटीत तोंडातला चमचा गेला, तर ते किळसवाणे असले तरी पुढची काही मिनिटे उकळी चालू राहिल्यास लाळेतले जंतू मरतात. धोका असतो तो गॅस बंद झाल्यावरच्या, अन्न निवत आल्यानंतरच्या शेवटच्या चाखण्यात आणि मुळात न शिजवायच्या पदार्थांत, म्हणजे कोशिंबीर, रायते, फ्रूट सॅलड यांत. म्हणून मीठ-गूळ उकळी चालू असतानाच बघून घ्यावे, आणि नंतर घालावेच लागले तर पुन्हा एक उकळी काढावी. ज्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता होतो, तिथल्या बायकांना मिठाचा अंदाज असतो, तो या कामी येतोच.

लाळ अन्नात गेल्याचे डोळ्यांना दिसणारे एक लक्षण आहे. लाळेत पिष्ट मोडणारे अमायलेज नावाचे एंझाइम असते. कॉर्नफ्लोअरचे घट्ट कस्टर्ड दोन वाट्यांत घ्यावे, कोमट असताना एकात चाटलेला चमचा नीट फिरवावा आणि दुसऱ्यात स्वच्छ चमचा. थोड्या वेळाने पहिल्या वाटीतले कस्टर्ड पातळ होऊ लागते, वरून पाणी सुटल्यासारखे दिसते. दुसरे तसेच राहते. म्हणून तांदळाच्या पिठाची खीर किंवा कस्टर्ड फ्रिजमध्ये विनाकारण पाणचट झाले, तर घरातले कोणीतरी भांड्यातूनच खात असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. आंबट पदार्थात हे एंझाइम नीट चालत नाही, त्यामुळे तिथे हा पुरावा मिळत नाही.

आंबटपणामुळे जंतूंचीही वाढ मंदावते. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात पॉल डॉसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चावलेले क्रॅकर बिस्किट पुन्हा बुडवल्यावर काय होते ते मोजले होते. आंबट सालसामध्ये शिरलेल्या जंतूंची संख्या दोन तासांत घटली होती. कढी किंवा चिंचेचे सार यांना त्यामुळे थोडी सवलत मिळते, पण दोन आमसुले घातलेले नारळाच्या दुधातले बिरडे एवढे आंबट नसते.

वाढायची पळी

प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र पळी किंवा डाव हवा आणि त्याचा दांडा भांड्याच्या उंचीहून लांब हवा. बुटक्या दांड्याचा चमचा खोल टोपात सरकून आत पडतो, मग जेवणारा उष्ट्या हाताने तो बाहेर काढतो आणि ज्या दांड्याला पाच जणांचे हात लागले तो आमटीत बुचकळून निघतो. पूर्वी पंगतीत वाढणारा वेगळा असे, त्याचा हात उष्टा नसे. आता टेबलावर भांडी मांडून ज्याने त्याने घ्यायचे असते. अशा वेळी डावा हात वापरावा, पळी ताटातल्या भाताला टेकवू नये आणि मुलांना मोठ्यांनी वाढावे.

जेवण संपल्यावर पळी भांड्यात ठेवू नये. ओट्यावर खरकटी पडून राहिलेली पळी रात्री पुन्हा त्याच टोपात घालणे म्हणजे दुपारचे विरजण संध्याकाळी लावण्यासारखे आहे. रात्री धुतलेली, कोरडी पळी घ्यावी.

ज्याला उलट्या-जुलाब झाले आहेत त्याने लक्षणे थांबल्यानंतरही 48 तास स्वयंपाक आणि वाढणे टाळावे. नोरोव्हायरससारखे विषाणू अन्नात वाढत नाहीत, पण त्यांचे थोडे कणही पुरतात. इथे फ्रिजचा उपयोग नाही. हात साबणाने धुवावेत, कारण सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही.

रात्रीचे आधीच काढावे

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत उपयोगी सवय म्हणजे रात्रीसाठीचे अन्न जेवणानंतर न उचलता जेवणाआधी काढून ठेवणे. चार लिटर बिरडे असेल आणि दीड लिटर उरणार याचा अंदाज असेल, तर तेवढे गॅसवरून उतरवतानाच स्वच्छ, कोरड्या डब्यात काढावे. त्यात ना चाखण्याचा चमचा जातो, ना टेबलावरची पळी.

डबे पसरट घ्यावेत आणि अन्नाचा थर दोन इंचांहून जास्त नसावा. खोल टोपाच्या मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूला साधारण 43 ते 47 अंशांचे तापमान फार मानवते. त्याचे बीजाणू शिजवताना टिकतात आणि डाळ-उसळ किंवा मटणाच्या टोपात जागे होतात. त्यामुळे चमचा कितीही सांभाळला तरी टोप ओट्यावर ठेवून चालत नाही. परातीत थंड पाणी आणि बर्फ घालून त्यात डबा ठेवावा, मधूनमधून स्वच्छ चमच्याने ढवळावे. वाफ गेली की झाकण लावून डबा फ्रिजमध्ये ठेवावा. उतरवल्यापासून फ्रिजपर्यंतचे सारे दोन तासांत उरकावे. अन्न पूर्ण गार होईपर्यंत बाहेर ठेवण्याची गरज नाही. फक्त डब्याभोवती हवा खेळेल एवढी जागा हवी आणि फ्रिजचे तापमान 5 अंशांखाली हवे.

रात्री लागेल तेवढेच वेगळ्या पातेल्यात घ्यावे आणि पूर्ण उकळी येईपर्यंत गरम करावे. मायक्रोवेव्हमध्ये मधले अन्न थंड राहते, म्हणून अर्ध्यावर थांबवून ढवळावे. गरम करून उरलेले पुन्हा मूळ डब्यात ओतू नये आणि ताटातले तर कधीच नाही. भात दुसऱ्या दिवशीपर्यंत, बाकीचे दोन-तीन दिवसांत संपवावे.

वास घेऊन निर्णय करू नये. फेस आला, तार सुटली, आंबूस वास आला तर अन्न टाकायचेच. पण त्या रात्रीच्या बिरड्याला यांपैकी काहीही नव्हते, उलट मुरल्यामुळे ते दुपारपेक्षा चवदार लागले होते. विचारायचे प्रश्न दोनच: दोन तासांहून अधिक काळ बाहेर होते का, आणि त्यात कोणाचा उष्टा चमचा गेला होता का. पहिल्याचे उत्तर हो असेल, तर दुसरा विचारण्याची गरज नाही. टोप रिकामा करावा. पहिल्याचे नाही आणि दुसऱ्याचे हो असेल, तर लगेच खळखळून उकळून त्याच जेवणात संपवावे, रात्रीसाठी ठेवू नये.