कंगवा बदलण्याआधी गुंतवळ कागदावर मांडा: ओले, कुरळे आणि विरळ केस विंचरताना या चुका टाळा

माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या एक काकू आहेत. केस कमरेपर्यंत, कुरळे, आणि आता पन्नाशीत भांगाजवळ विरळ होत चाललेले. एकदा त्या पिशवीतून गुंतवळच घेऊन आल्या. "हे बघ, आज न्हाल्यावर एवढे गेले. तेल बदलू की शाम्पू?" मी म्हटलं, "काकू, आधी हे कागदावर मोकळं करू."

पांढऱ्या कागदावर केस सुटे केले आणि टोकं बघितली. जो केस मुळापासून गळतो त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. जो मधेच तुटतो त्याला दोन्हीकडे ठिपका नसतो आणि तो बहुधा आखूड असतो. काकूंच्या गुंतवळात साधारण 140 केस निघाले. त्यातले 80 ठिपक्याचे आणि 60 तुटलेले, बरेचसे बोटाएवढे. तीन दिवस त्यांनी केस विंचरलेच नव्हते. रोज 50 ते 100 केस गळणं सर्वसाधारण मानतात, म्हणजे तीन दिवसांचे 80 हे काळजीचं कारण नव्हतं. प्रश्न त्या 60चा होता, आणि तो तेलाने किंवा शाम्पूने सुटणारा नव्हता. "विंचरता कशाने?" असं विचारल्यावर त्यांनी पर्समधून डुकराच्या राठ केसांचा, दाट पुंजक्यांचा ब्रश काढला. मुलीने भेट दिलेला, चांगला महागातला. न्हाल्याबरोबर त्याच ब्रशने, मुळापासून खाली.

पहिली चूक: कोरड्या केसांचा ब्रश ओल्या केसांवर

तो ब्रश वाईट नाही. कोरड्या, सरळ, आधीच गुंता काढलेल्या केसांवर तो टाळूजवळचं तेल शेंड्यांपर्यंत पसरवतो, वरचे उडणारे केस बसवतो. त्याचं काम एवढंच. गुंता सोडवणं त्याला जमत नाही, कारण पुंजके इतके दाट असतात की गाठ त्यांच्यातून निसटायला जागाच मिळत नाही.

ओला केस पाणी पिऊन फुगतो, वरचे खवले थोडे उचलले जातात आणि शेजारच्या केसावर घासतात. शिवाय तो ताणला जातो. साधारण 30 टक्क्यांपर्यंत ताणलेला ओला केस सुकल्यावर पूर्वपदावर येतो, पण त्यापलीकडे ओढला की आतून कायमचा बिघडतो आणि पुढच्या कुठल्यातरी विंचरण्यात तुटतो. म्हणून "आज तर मी हळूच विंचरलं, तरी एवढे तुटले" असं वाटतं. ते नुकसान आधीच्या न्हाण्यांचं असतं.

सरळ केस असतील तर न्हाल्यावर थोडं थांबा, ओल कमी होऊ द्या आणि मग रुंद दातांचा कंगवा घ्या. पंचा पिळून त्याने केस झटकायची आपल्याकडची जुनी सवय मात्र सोडा. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपलं तरी पुरतं. न्हाण्याआधी नारळाचं तेल लावत असाल तर तेही उपयोगी पडतं. त्याचा काही अंश केसाच्या आत शिरतो, त्यामुळे केस पाण्यात कमी फुगतो.

दुसरी चूक: सरळ केसांचा नियम कुरळ्यांना लावणं

इथे सल्ला नेमका उलटा होतो आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते. कुरळा केस गोल नसून चपटा असतो आणि जागोजागी पीळ घेतो. पिळाची जागाच कमजोर. कोरडा असताना त्या वेटोळ्यात दात घातला की प्रत्येक पिळाशी अडकतो आणि केस तिथेच तुटतो. म्हणून कुरळे केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच विंचरायचे, कारण कंडिशनरमुळे घर्षण खूप कमी होतं आणि गाठ सरकून सुटते.

काकूंना न्हाणीघरातच बसून असं करायला सांगितलं: केसांचे चार भाग, एकेक भाग कंडिशनरने निसरडा करायचा. मग गाठीच्या वर मुठीत बट पकडायची, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. आधी शेवटचे चार बोटं शेंडे सोडवायचे, मग थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून सुरुवात केली तर वरच्या सगळ्या लहान गाठी खाली ढकलल्या जाऊन एकच मोठी गाठ होते, आणि ती शेंड्यांजवळ, म्हणजे सर्वांत जुन्या, झिजलेल्या केसांत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतच्या केसांचे शेंडे पाच-सहा वर्षांचे तरी असतात.

कंगव्याच्या दातांमध्ये अर्धा सेंटिमीटर तरी अंतर हवं. आणि घेताना दाताची कड नखाने तपासा. साच्यात ओतलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्याला दातांच्या बाजूने बारीक शिवण असते, ती केसाचे खवले खरवडते. जॉर्जेटची ओढणी दातांवरून ओढून बघा. धागा अडकला तर तो कंगवा परत ठेवा. लाकडी कंगवा कोरड्या केसांना छान, पण रोज पाण्यात भिजला की लाकूड फुगतं, रेषा वर येतात आणि तो खरखरीत होतो. न्हाणीघरात ठेवू नका.

तिसरी चूक: विरळ केसांना घाबरून विंचरणंच बंद करणं

काकूंनी तीन दिवस कंगवा लावला नव्हता तो याच भीतीने. त्याने गळणारे केस थांबले नाहीत, फक्त ते डोक्यावरच अडकून बाकीच्यांना गुंतवत राहिले. रोज शेंड्यांकडून थोडा गुंता काढलेला बरा. बारीक दातांची फणी मात्र उवा-लिखांसाठीच ठेवा.

विरळ टाळूसाठी रबरी गादीचा, लवचीक आणि टोकं गोल असलेल्या काड्यांचा ब्रश चालतो. पण काड्यांवरचे छोटे गोळे काही महिन्यांत निघून जातात आणि उघडी टोकं टाळूला ओरखडतात, केसाला अडकतात. मनगटाच्या आतल्या बाजूवरून ब्रश फिरवा. टोचलं, तर तो टाकायची वेळ झाली. ड्रायरबरोबर वापरायचा धातूचा गोल ब्रश विरळ केसांना नकोच: धातू तापतो आणि गुंडाळलेल्या बटेला ओढ बसते.

दीड महिन्याने काकू आल्या, पुन्हा मुद्दाम तीन दिवसांचं गुंतवळ घेऊन. ठिपक्याचे केस जवळपास तितकेच, 75. तुटलेले मात्र 18. त्या खूश, पण मी भांग बघितला. तो होता तेवढाच रुंद होता, उलट टाळूवर थोडा जास्तच. तुटणारे केस कंगवा वाचवतो, मुळाशी बारीक होत जाणारे नाही. "काकू, आता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते रक्तातलं लोह आणि थायरॉइडही बघतील," एवढं सांगितलं. तो महागडा ब्रश मात्र त्या अजून वापरतात, कोरड्या केसांवर, अंबाडा घालण्याआधी फक्त वरचे उडणारे केस बसवायला.