माइल्ड हायब्रिड पेट्रोल गाडी: आयएसजी बदलण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल पाहा

साडूंच्या सात सीटर माइल्ड हायब्रिड गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणं थांबलं. पंधरा दिवसांनी सकाळी स्टार्टर मारताना आवाज मंद येऊ लागला. ओळखीच्या गॅरेजवाल्याने इंजिन चालू असताना बॅटरीला मल्टिमीटर लावला आणि १२.८ व्होल्ट पाहून सांगितलं, "चार्जिंग नाही, आयएसजी गेला." आयएसजी म्हणजे बॅटरी चार्ज करणारा आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करणारा भाग. तो महाग असल्यामुळे साडूंनी आधी मला फोन केला, हे बरं झालं.

पहिली चूक इथेच होते. साध्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत, हे मेकॅनिकच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या गाडीत मात्र अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर फिरणारा आयएसजी असतो, आणि त्याने केव्हा किती चार्ज करायचं ते कंप्युटर ठरवतो. एकसारख्या वेगात किंवा अॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल वाचवण्यासाठी तो चार्जिंग कमी करतो. पाय उचलला, गाडी गिअरमध्येच मंदावू लागली, की चार्जिंग वाढवतो. म्हणून उभ्या गाडीचं एकच रीडिंग पुरेसं नाही. आम्ही १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर लावून फेरी मारली. उतारावर पाय काढताच आकडा १४ च्या वर गेला. म्हणजे आयएसजी धडधाकट होता.

मग बॉनेट उघडलं. या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. बॉनेटखाली नेहमीची लेड-अॅसिड, आणि मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत पुढच्या सीटखाली छोटी लिथियम-आयन. मोठ्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक लहानसा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती करंट आला, किती गेला, याचा हिशेब तो ठेवतो. साडूंनी दोन महिन्यांपूर्वी वूफर आणि अॅम्प्लिफायर बसवला होता आणि त्याची अर्थिंगची वायर सरळ निगेटिव्ह टर्मिनलच्या नटाखाली दाबली होती. त्यामुळे अॅम्प्लिफायर खात होता तो करंट सेन्सरला दिसतच नव्हता. कंप्युटरच्या वहीत बॅटरी भरलेली, प्रत्यक्षात ती रोज थोडी रिकामी होत होती. शेवटी व्होल्टेज फार उतरू लागलं, तेव्हा कंप्युटरने इंजिन आपोआप बंद करणंच सोडलं.

वायर काढून बॉडीच्या रंग नसलेल्या, घट्ट बोल्टवर दिली. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरली. रात्रभर विश्रांतीनंतर ती १२.६ व्होल्ट दाखवत होती. १२.४ च्या खाली असती तर लोड टेस्ट करून घेतली असती. आठवडाभरात सिग्नलला इंजिन पुन्हा बंद होऊ लागलं. एवढा वेळ लागतो, कारण टर्मिनल काढल्यावर कंप्युटरला बॅटरीचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. दुसऱ्याच दिवशी चिडून परत गॅरेजात जाऊ नका.

बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर आकार बसतो म्हणून साधी बॅटरी घेऊ नका. दिवसात कितीतरी वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसणारी, आयडल-स्टॉपसाठी बनवलेली बॅटरी लागते. जुनीवरचा कोड वाचून तीच मागा. जंप स्टार्ट देतानाही मोठ्याच बॅटरीला द्या, सीटखालच्या बॅटरीला हात लावू नका. काळा चिमटा निगेटिव्ह टर्मिनलवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर लावा.

सीटखालच्या बॅटरीबद्दल मला खरी काळजी वाटते ती पावसाळ्यात आणि वॉशिंग सेंटरमध्ये. आतून शॅम्पू करताना मुलं पाइपने कार्पेट भिजवतात. या गाडीत ते करू देऊ नका. ओलं फडकं आणि व्हॅक्यूम पुरे. पुराचं पाणी सीटपर्यंत चढलं असेल, तर कार्पेट वाळलं तरी स्टार्टचं बटण दाबू नका. टो करून सर्व्हिस सेंटरला न्या आणि तिथल्या लोकांना "लिथियम बॅटरी भिजलीय" हे आधी सांगा. सिस्टिम १२ व्होल्टची असल्याने शॉक बसण्याची भीती नाही, पण शॉर्ट झाल्यास करंट जबर असतो.

सिग्नलला इंजिन शांत असतं तेव्हा गाडी बंद आहे असं समजून बॉनेट उघडून पट्ट्याजवळ हात घालू नका. आधी इग्निशन बंद. आयएसजी त्याच पट्ट्याने इंजिन फिरवतो, म्हणून पट्टा आणि त्याचा टेन्शनर साध्या गाडीसारखे नसतात. सुरू होताना किंचाळला तर त्यावर स्प्रे मारू नका. ऑइल लागलंय का, टेन्शनर ढिला आहे का, ते पाहा आणि कंपनीच्याच नंबरचा पट्टा घाला. चालत्या गाडीत लाल बॅटरी दिवा लागला, तर मात्र लगेच बाजूला थांबा. पट्टा तुटला असू शकतो, आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. तापमानाचा दिवा लागायची वाट पाहिलीत, तर हेड गॅस्केट जाण्याची भीती असते.